अस्सल चित्र आणि खोटी साक्ष

छायाचित्र खरे की खोटे, या प्रश्नाचा निकाल यांत्रिक तपासणीने लावण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. चित्रातील छाया एकाच दिशेला पडतात काय, एखादा भाग दुसरीकडून आणून चिकटविला आहे काय, पृष्ठभागावरील सूक्ष्म कण सर्वत्र सारखे आहेत काय, अशा कसोट्या लावल्या जातात; आणि चित्र त्यांतून पार पडले की ते 'अस्सल' ठरते. या निष्कर्षात एक घसरण आहे. तपासणी चौकटीच्या आतील वस्तूविषयी बोलते. चौकटीबाहेर काय ठेवले गेले, याविषयी ती मुकी असते.

वसई-विरार परिसरातील वाचकांस याचे साधे उदाहरण सहज आठवेल. १० जुलै २०१८ रोजी अतिवृष्टीमुळे नालासोपारा स्थानकातील रूळ पाण्याखाली गेले आणि वसई-विरार दरम्यानची लोकल वाहतूक बंद पडली. अशा जलमय स्थानकाचे छायाचित्र पाहताना पाण्याची खोली कशी ओळखावी? फलाटाच्या भिंतीचा किती भाग पाण्यावर दिसतो, यावरून. ती कड चित्रात असेल तर मोजपट्टी हाती आहे. छायाचित्रकाराने कॅमेरा पाण्याच्या पातळीपर्यंत खाली आणला, अथवा संपादकाने ती कड कातरून टाकली, तर वीतभर पाणीही समुद्रासारखे भासते. त्यात एकही कण बदललेला नसतो.

कातरणे शोधता येत नाही काय? काही अंशी येते. प्रचलित जेपीईजी पद्धतीत चित्र आठ बाय आठ बिंदूंच्या चौकोनांत साठविले जाते. कडा कापल्यावर या जाळीची सुरुवात कोपऱ्यापासून सरकू शकते आणि ते सरकणे परीक्षकास सापडते. परंतु व्हॉट्सॲपसारख्या साधनातून पाठविताना चित्र लहान करून पुन्हा साठविले जाते. तेव्हा जुन्या जाळीच्या खुणा पुसट होतात आणि चित्रासोबतची दिनांक-स्थळाची नोंदही गळून पडते. चित्रफितीत तर आणखी सोपे आहे. मध्येच तुकडा काढला तर सांधा राहतो. शेवट कापला तर सांधाच उरत नाही.

हा शेवट कापण्याचा प्रकार किती घातक ठरतो, हे कराचीतील एका चित्रफितीवरून दिसते. तेथील 'रोशनी हेल्पलाईन' या संस्थेने बालकांच्या सुरक्षिततेसाठी ती तयार केली होती. रस्त्यावर मुले खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघेजण येतात आणि एका मुलास उचलून नेतात. मग ते परत येऊन मुलास सोडतात व सावधानतेचा फलक दाखवितात. भारतात जी प्रत फिरली तिच्यात हा उत्तरार्ध नव्हता. राहिलेला प्रत्येक क्षण मुळाबरहुकूम होता. बोधपट तेवढा गुन्ह्याचा पुरावा बनला.

त्याच सुमारास फिरणाऱ्या दुसऱ्या दृश्यात कातरण्याचीही गरज पडली नव्हती. ओळीने ठेवलेली बालकांची शवे त्यात दिसत होती आणि मूत्रपिंडांसाठी मुले पळविणाऱ्या टोळीचे ते बळी आहेत, असे सोबत सांगितले जात होते. वस्तुतः ती सीरियातील घौता येथे ऑगस्ट २०१३ मध्ये विषारी वायूच्या हल्ल्यात मेलेली मुले होती. चित्र खरे, मृत्यू खरे, शोकही खरा. खोटी होती ती केवळ खालची ओळ. आणि ओळ ही चित्राचा भाग नसल्याने चित्रपरीक्षेच्या कक्षेत ती येतच नाही.

अशा अफवांच्या वातावरणात, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. जमावाच्या मनातील भयाला अनेक कारणे असणार; सारा दोष एका चित्रावर टाकणे हा भाबडेपणा होईल. पण या दृश्यांची कितीही काटेकोर तपासणी केली असती, तरी 'फेरफार आढळला नाही' हाच शेरा मिळाला असता, आणि त्या शेऱ्याने अफवेला बळच आले असते.

म्हणून खरी परीक्षा चित्रापेक्षा त्याच्या प्रवासाची करावी लागते. उलट शोध घेऊन तेच दृश्य सर्वांत आधी कोठे व केव्हा प्रसिद्ध झाले हे पाहणे, अधिक लांबीची प्रत मिळविणे, पाट्यांची लिपी आणि वाहनांचे क्रमांक वाचणे, ही कामे यंत्रापेक्षा दफ्तरखान्यातील अभ्यासकाच्या जवळची आहेत. त्यांनाही मर्यादा आहे. पूर्वी कोठेच प्रसिद्ध न झालेल्या चित्राच्या बाबतीत शोध रिकामा परततो; त्यावरून चित्र ताजे आहे, असे मात्र सिद्ध होत नाही. अशा वेळी परीक्षकाने 'अस्सल' हा एकच शब्द लिहून न थांबता, आपण काय तपासले आणि खालची ओळ तपासली की नाही, हे अहवालात स्वतंत्रपणे नोंदवावयास हवे.