वार्षिक खपमूल्याची मर्यादा

अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ साली मांडलेले अ-ब-क वर्गीकरण वस्तूचा वार्षिक खप व तिची खरेदी किंमत यांच्या गुणाकारावर उभे आहे. ज्यांचा गुणाकार मोठा अशा थोड्या वस्तू ‘अ’ वर्गात पडतात व त्यांचा साठा वारंवार तपासला जातो. ‘क’ वर्गातील पुष्कळ वस्तूंकडे क्वचितच पाहिले जाते. बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकातील पाठ्यपुस्तकांच्या दुकानाला हा नियम लावून पाहिला म्हणजे त्यातील उणीव ध्यानात येते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. १५० रुपयांच्या एका पुस्तकाच्या वर्षाला १,२०० प्रती खपतात. खपमूल्य १,८०,००० रुपये, म्हणून वर्ग ‘अ’. परंतु त्यांपैकी १,००० प्रती जून-जुलैतच जातात. उरलेल्या दहा महिन्यांत आठवड्याला जेमतेम पाच प्रती खपतात. तेव्हा दर आठवड्याची तपासणी एरवी व्यर्थ ठरते, आणि जूनमध्ये तीच अपुरी पडते.

उलट, २० रुपयांच्या स्वाध्यायपुस्तिकेच्या ३०० प्रती म्हणजे अवघे ६,००० रुपये; वर्ग ‘क’. पण ती नसली तर संपूर्ण संच घेऊ आलेला पालक शेजारच्या दुकानी जातो. हे नुकसान गुणाकारात कोठेच दिसत नाही. तिच्यावर तपासणीचे श्रम वाढविण्याचेही कारण नाही; हंगामापूर्वी १०० प्रती अधिक ठेवल्या तर २,००० रुपयेच गुंततात. मात्र अभ्यासक्रम बदलणार असेल, तर त्याच प्रती रद्दीत जातील.

सारांश, वर्ग वर्षाच्या बेरजेवरून ठरला, तरी तपासणीची वेळ हंगामावरून आणि साठ्याची राखीव मात्रा तुटवड्याच्या नुकसानीवरून ठरविली पाहिजे.