‘शुभ सकाळ’ची चित्रं आणि आपला रामराम

मंडळी, आज विषय साधा घेतलाय. घरच्या ग्रुपवर रोज पहाटे येणारं ते गुलाबाचं, उगवत्या सूर्याचं चित्र. त्याला हसणं सोपं आहे. पण ते रोज का येतं, हे आधी पाहू.

मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने 1923 साली एक गोष्ट दाखवून दिली. काही बोलणं माहिती देण्यासाठी नसतंच. ते नुसतं नातं चालू ठेवण्यासाठी असतं. आपला ‘रामराम’ तसाच. ‘जेवलास का?’ विचारणारा जेवणाची चौकशी करत नसतो. चित्राचंही तेच आहे. त्यावरचा सुविचार कुणी वाचत नाही, आणि वाचावा अशी पाठवणाऱ्याचीही अपेक्षा नसते.

मग चित्रच का? एक, 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि इंटरनेट स्वस्त झालं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: चित्राला लिहावं लागत नाही. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. ज्याला मोबाइलवर मराठी टाइप करणं जमत नाही, तोही बोट दाबून घरी कळवू शकतो की मी ठीक आहे. ही हजेरी आहे. म्हणूनच एखाद्या एकट्या राहणाऱ्या काकूंचं चित्र सकाळी आलं नाही, तर कुणीतरी फोन करतं.

आता त्रास कधी होतो? रामराम एकाला घातला की एकाचाच परत येतो. तीस जणांच्या ग्रुपात प्रत्येकाने चित्र टाकलं, तर प्रत्येकाला रोज एकोणतीस येतात. चित्र शंभर केबीचं धरा. महिन्याला जवळजवळ नव्वद एमबी, आणि तेही एकाच ग्रुपचे. असे पाच-सहा ग्रुप असले की स्वस्तातला फोन भरतो, नातवाचा फोटो काढायला जागा उरत नाही. भारतातले फोन या चित्रांनी भरतात, हे गूगलच्या लोकांनाही आढळलं होतं; 2018 च्या सुरुवातीला तशा बातम्या आल्या.

पण जागा पुसून मोकळी करता येते. खरी चीड वेगळी आहे. रात्री ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी येते, लोक श्रद्धांजली लिहितात, आणि पहाटे साडेपाचला त्याखाली हसरा सूर्य येऊन पडतो. पाठवणाऱ्याने वरचं वाचलेलंच नसतं. रामराम घालणारा निदान समोरच्याचं तोंड पाहतो हो! उतरलेलं दिसलं तर थांबतो, ‘काय झालं?’ विचारतो. इथे तोंड न पाहताच रामराम घातला जातो. चित्रावर वारंवार फॉरवर्ड झाल्याची दुहेरी बाणाची खूण असली, तरी मला त्याचं वावडं नाही. रामराम तरी कुठे कुणी स्वतः रचतो? माझा आक्षेप एवढाच, की तेच चित्र एकापाठोपाठ आणखी चार ग्रुपांवर गेलेलं असतं आणि त्यातल्या एकाही ग्रुपात पाठवणारा डोकावलेला नसतो.

मात्र काकूंना ‘बंद करा’ सांगण्याआधी विचार करा. त्या थांबल्या, तर त्यांच्या जागी दुसरं काय ग्रुपवर येणार आहे? बहुतेक ग्रुपांत, काहीच नाही. हां, आता प्रश्न विचारा.