ढगाशी बोलताना

नारळीकरांच्या विज्ञानकथांवर लिहिणारे त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांचे नाव आवर्जून घेतात. हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) मात्र क्वचितच उघडतात. परक्या जीवाचे शरीर त्याची भाषा कशी घडवते, हे मला माकणीत बसून वाचताना तिथेच नीट उमगले.

हा जीव म्हणजे अवकाशातला वायूचा प्रचंड ढग. त्याच्या मेंदूतले संदेश रेडिओलहरींनी फिरतात, म्हणून त्याच्या जातीत विचार करणे आणि बोलणे यांत फारसे अंतर नाही. तो ऊर्जेसाठी सूर्यापाशी थांबतो. पृथ्वी अंधारते, माणसे मरतात आणि त्याला पत्ताही नसतो. कारण ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणात मोठा मेंदू वाढेल, हे त्याला संभवतच नाही. शास्त्रज्ञांना त्याची चाहूल लागते ती अशी: रेडिओप्रक्षेपण सुरू केले की वातावरणातले आयनीभवन वाढते, थांबवले की उतरते.

पुढे ढग इंग्रजी फार लवकर शिकतो, ही मला लेखकाची पळवाट वाटते. ज्याला शब्दांची गरजच नव्हती, त्याला आपले ‘मी’ आणि ‘तू’ कसे कळले? मात्र उलट दिशेला हॉईल सवलत देत नाहीत. ढगाचे ज्ञान थेट मेंदूत उतरवून घ्यायला बसलेला किंग्सली त्यातच मरतो.