चौदा जागांचा हिशेब : निवडणूक आयोग किती स्वतंत्र?

निवडणूक आयोग स्वतंत्र असावा याबद्दल आपल्यात वाद नाही. आज आपण एवढंच तपासू, की हा स्वतंत्र आयोग प्रत्यक्षात कशाकशावर अवलंबून असतो. त्यासाठी वाशिम जिल्हा परिषदेचं उदाहरण घेऊ.

दिल्लीचा भारत निवडणूक आयोग लोकसभा आणि विधानसभा बघतो. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. घटनेच्या २४३ के कलमानं मतदार यादी तयार करणं आणि निवडणूक घेणं, या दोन्हींची सूत्रं त्याच्या हाती दिली आहेत.

वाशिम जिल्हा परिषदेत ५२ जागा. ७ जानेवारी २०२० ला मतदान झालं, दुसऱ्या दिवशी निकाल लागले, सदस्य कामाला लागले. वर्षभरानंतर, ४ मार्च २०२१ ला, सर्वोच्च न्यायालयानं विकास किशनराव गवळी यांच्या याचिकेवर निकाल दिला आणि इतर मागासवर्गासाठी राखीव जागांवरची निवड रद्द ठरली. वाशिममध्ये अशा जागा १४ होत्या. ५२ चे २७ टक्के काढा, हिशेब बरोबर तिथेच येतो.

आता बघा, चूक कुठे होती? मतदान केंद्रावर नव्हती, मोजणीतही नव्हती. जिल्हा परिषद कायद्याच्या १२ व्या कलमात इतर मागासवर्गाला २७ टक्के जागा राखीव असतील, असं सरळ लिहिलं होतं. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येनुसार द्याव्याच लागतात. त्यात हे २७ मिळवले की वाशिमसारख्या जिल्ह्यात बेरीज पन्नासच्या वर जाते. न्यायालय म्हणालं, २७ ही फार तर वरची मर्यादा. आधी स्वतंत्र आयोग नेमून मागासलेपणाची माहिती गोळा करा, मग प्रत्येक संस्थेपुरतं प्रमाण ठरवा, आणि एकूण आरक्षण पन्नासच्या आत ठेवा. ही माहिती राज्य सरकारनं जमवायची होती. निवडणूक आयोगासमोर मात्र कायद्यातला आकडा होता आणि त्यानं तो पाळला.

आमची टीका इथे आहे. निवडणूक घेणारा स्वतंत्र, पण जागा कशा वाटायच्या हे सांगणारा कागद सरकारचा. कागद कच्चा असेल तर निवडणूक कितीही नेटकी घ्या, ती टिकत नाही. आणि भुर्दंड कोणाला? ज्या गटांनी सदस्य निवडला होता, त्यांना. पोटनिवडणूक जुलैसाठी जाहीर झाली, कोरोनामुळे थांबली आणि ५ ऑक्टोबर २०२१ ला पार पडली. मार्च ते ऑक्टोबर त्या गटांना जिल्हा परिषदेत आपला माणूस नव्हता.

मतदार यादीचंही असंच. घटनेनं यादीचा अधिकार दिला आहे, पण व्यवहारात राज्य आयोग विधानसभेचीच यादी ठरावीक तारखेला घेतो आणि गट-गणांनुसार फोडतो. प्रारूप यादीवर तुम्ही हरकत घेऊ शकता, पण कसली? नाव दुसऱ्या गटात गेलं, लेखनिकाची चूक झाली, किंवा विधानसभेच्या यादीत असून इथे सुटलं, एवढीच. नवं नाव घालणं किंवा मयताचं नाव काढणं इथे होत नाही, ते विधानसभेच्या यादीतच करून घ्यावं लागतं. म्हणून २०२५ मध्ये दुबार नावांची ओरड झाली तेव्हा राज्य आयोगाला त्या नावांपुढे दोन तारे छापून, मतदान कुठे करणार हे मतदाराकडून लिहून घेण्यावर भागवावं लागलं. नाव कापण्याचा अधिकार हाताशी नसला की खुणेवर भागवावं लागतं.

राहिली तंटे सोडवायची बाजू. निवडणूक प्रक्रिया एकदा सुरू झाली की न्यायालयांनी मध्ये पडू नये, असं घटनाच सांगते. निकालावर आक्षेप असेल तर पंधरा दिवसांत जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज करायचा. हे शहाणपणाचंच आहे, नाहीतर प्रत्येक पराभूत उमेदवार निवडणूक अडवून धरेल. पण वाशिमचा प्रश्न एका उमेदवाराचा नव्हता, आरक्षणाच्या पायाचा होता. त्यावरचं आव्हान मतदानाआधीच न्यायालयात होतं. निवडणूक मात्र 'निकालाच्या अधीन' म्हणून होऊ दिली. निवडून आलेल्या चौदा जणांची खुर्ची पहिल्या दिवसापासून उसनी होती, आणि मतदाराला ते कुणी नीट सांगितलं नव्हतं.

मग आमचं म्हणणं काय? आयुक्ताला सहज काढता येत नाही, तेवढ्यानं निष्पक्षता पुरी होत नाही. पुढच्या वेळी निवडणूक जाहीर झाली की आचारसंहितेच्या बातम्यांच्या आधी दोन गोष्टी विचारा : यादी कोणत्या तारखेची आहे, आणि आरक्षणाचा आकडा कोणत्या माहितीवर काढलाय? वाशिममध्ये दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मतदानाच्या चौदा महिन्यांनी मिळालं.