थांबवण्याचे शब्द : तहकुबी, निलंबन आणि ‘खंडित’ पुरवठा

शासकीय मराठीवर जी टीका नेहमी होते ती बहुधा शब्दांच्या कुळाविषयीची असते. अमुक शब्द संस्कृतातून घडवलेला, तमुक फारसीतून राहिलेला, तिसरा इंग्रजीचा उसना. एवढ्यावर वाद रंगतो आणि तेथेच विरतो. ज्या सूचनेमुळे एखाद्याचे काम, वेतन किंवा घरातला दिवा थांबतो, तिच्या बाबतीत हा वाद फारसा उपयोगी पडत नाही. तेथे वाचणाऱ्याला एवढेच जाणून घ्यावयाचे असते की, जे थांबले ते अद्याप शिल्लक आहे काय, आणि असल्यास ते कशाने पुन्हा सुरू होईल.

तहकूब, स्थगित, निलंबित, खंडित, बंद, रद्द, समाप्त हे शब्द कोशांत एकमेकांचे पर्याय म्हणून शेजारी शेजारी मांडलेले आढळतात. व्यवहारात ते पर्याय नाहीत. त्यांतील भेद ओळखण्यासाठी एक साधी कसोटी लावता येते : तो शब्द कोणत्या शब्दाने उलटतो, हे पाहावे. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते. रद्द झालेली सभा पुन्हा भरत नाही; भरवायची झाल्यास दुसरी बोलवावी लागते. दोन्ही वेळा सभागृह रिकामेच असते, परंतु पहिल्या वेळी कार्यक्रमपत्रिका जिवंत असते आणि दुसऱ्या वेळी ती केवळ कागद होते.

हा भेद सर्वांत काटेकोरपणे पाळला गेला आहे तो विधिमंडळाच्या भाषेत. संविधानाच्या अनुच्छेद १८९ मध्ये, राज्य विधिमंडळाच्या सभागृहात गणपूर्ती नसेल तर पीठासीन व्यक्तीने काय करावे हे सांगितले आहे. तिला दोन मार्ग दिले आहेत, आणि इंग्रजी पाठात त्यांसाठी दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत. सभागृह ‘अ‍ॅडजर्न’ करावयाचे, किंवा गणपूर्ती होईपर्यंत चालू बैठक ‘सस्पेंड’ करावयाची. म्हणजे क्रिया बदलली तसे तिचे कर्मही बदलले. एकीत सभागृह उठते, दुसरीत बैठक मोडत नाही, सदस्यांची वाट पाहत राहते. त्यापुढे सत्रसमाप्ती आणि त्याहून पुढे विसर्जन. सत्रसमाप्तीने अधिवेशन संपते, विधानसभा संपत नाही. विसर्जनाने विधानसभाच संपते. विसर्जन हा शब्द येथे फार चपखल बसला आहे. गणपती पुढील वर्षी पुन्हा येतो, पण मूर्ती नवी असते; त्याचप्रमाणे विसर्जनानंतर पुन्हा विधानसभा येते, परंतु ती निवडणुकीतून घडलेली दुसरी विधानसभा असते.

हा केवळ शब्दच्छल नव्हे, हे महाराष्ट्रातील दोन प्रसंग शेजारी ठेवल्यास दिसते. १७ फेब्रुवारी १९८० रोजी राज्यात राष्ट्रपती राजवट आली, विधानसभा विसर्जित झाली आणि त्याच वर्षी नवी निवडणूक घ्यावी लागली. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी पुन्हा राष्ट्रपती राजवट लागू झाली तेव्हा ऑक्टोबरमध्ये निवडून आलेल्या सदस्यांनी शपथही घेतलेली नव्हती. या वेळी विधानसभा विसर्जित केली गेली नाही, निलंबित ठेवली गेली. २३ नोव्हेंबरला राजवट उठली आणि २७ नोव्हेंबरला, त्याच निवडणुकीच्या बळावर, सदस्यांचा शपथविधी झाला. दोन्ही प्रसंगी विधानसभेचे काम थांबलेलेच होते. एका प्रसंगी मतदाराचे मत शिल्लक राहिले, दुसऱ्या प्रसंगी राहिले नाही.

निलंबन हा शब्द नोकरशाहीत मात्र इतक्या सुदैवाने वावरत नाही. त्याच्या धातूचा अर्थ लोंबकळणे, आणि ज्या इंग्रजी शब्दासाठी तो योजला त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थही टांगून ठेवणे हाच. टांगलेली वस्तू जमिनीवर नसते, पण ती फेकलेलीही नसते. निलंबित कर्मचारी कामावर नसतो, तरी तो शासकीय सेवकच असतो. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये निलंबनाची तरतूद शिक्षांच्या यादीत नाही, ती स्वतंत्र नियमात आहे. निलंबिताला वेतन नव्हे, निर्वाह भत्ता मिळतो. त्याला परवानगीवाचून मुख्यालय सोडता येत नाही, दुसरी नोकरीही धरता येत नाही. लोकव्यवहारात मात्र ‘त्याला सस्पेंड केले’ हे वाक्य निकाल लागल्याच्या स्वरात उच्चारले जाते, आणि वृत्तपत्रांचे मथळे त्याला दुजोरा देतात. याचे कारण समाजाच्या अज्ञानात शोधण्याची गरज नाही. टांगलेली वस्तू वर्षानुवर्षे खाली उतरवली जात नसेल तर पाहणाऱ्याने तिला फेकलेली का समजू नये? सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात, तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले गेले नाही तर निलंबनाचा आदेश पुढे चालू राहू नये, असे म्हटले. शब्दाचा अर्थ टिकवण्यासाठी त्याला मुदत जोडावी लागली, असाच याचा भाषिक अर्थ आहे.

याच क्षेत्रात ‘सेवा समाप्त करण्यात येत आहे’ हे वाक्य त्याहून गुळगुळीत आहे. बडतर्फ या फारसी मुळाच्या शब्दात एका बाजूला सारल्याचा स्पष्ट निर्देश आहे. तो शब्द ऐकताच दोष आणि दंड दोन्ही समजतात. ‘समाप्त’ या शब्दात दोष नाही आणि दोष देणाराही नाही. यज्ञ, पारायण, ग्रंथ जसा समाप्त होतो तशी सेवा समाप्त झाली. परिवीक्षाधीन व्यक्तीची नेमणूक अटींप्रमाणे संपवली असेल तेव्हा हा सौम्यपणा योग्यच. परंतु गैरवर्तनाचा ठपका ठेवून, चौकशी टाळून, वर हाच शब्द पांघरला गेला तर? परशोत्तमलाल धिंग्रा प्रकरणात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न शब्दावर न सोडता कृतीच्या स्वरूपावर ठरवला. सेवासमाप्ती गैरवर्तनावर आधारलेली असेल तर ती शिक्षाच होय, आणि मग अनुच्छेद ३११ चे संरक्षण लागू होते. आदेशातील क्रियापदावर विसंबू नये, असे न्यायालयाला सांगावे लागणे ही त्या क्रियापदावरची सर्वांत कठोर टीका म्हटली पाहिजे.

आता ज्या शब्दाने सर्वसामान्य वाचकाची सर्वाधिक गैरसोय केली आहे त्याकडे वळले पाहिजे. तो शब्द ‘खंडित’ हा होय. वीजपुरवठ्याच्या सूचनांत तो तीन निरनिराळ्या ठिकाणी येतो. वादळात तार तुटली की ‘वीजपुरवठा खंडित झाला आहे’. देयक थकले की ‘वीजपुरवठा खंडित करण्यात येईल’. आणि थकबाकी दीर्घकाळ राहून जोडणीच काढून टाकली की तो ग्राहक ‘कायमस्वरूपी खंडित’ या वर्गात जमा होतो. पहिल्या प्रसंगी कोणाचा निर्णय नाही. दुसऱ्या प्रसंगी निर्णय आहे, पण तो सशर्त आहे. तिसऱ्या प्रसंगी जोडणीच उरत नाही. या तीन अवस्थांतील अंतर ‘झाला’ आणि ‘करण्यात येईल’ या साहाय्यक शब्दांवर व एका विशेषणावर तोललेले आहे.

मराठीत खंड या शब्दाला मुळातच दोन वळणे आहेत. नेमाला खंड पडतो, पाठाला खंड पडतो, आणि तो पुढे सुरू होतो. येथे खंड म्हणजे मधली मोकळी जागा. परंतु मूर्ती खंडित झाली म्हणजे ती पूजेतून गेली. येथे खंड म्हणजे भंग. सूचना वाचणाऱ्याने या दोहोंपैकी कोणता अर्थ घ्यावा? देयक थकलेल्या ग्राहकापुरते याचे उत्तर विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ मध्ये आहे. पुरवठा तोडण्यापूर्वी किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. त्यानंतर पुरवठा तोडता येतो, पण तो थकलेली रक्कम आणि तोडण्या-जोडण्याचा खर्च भरला जाईपर्यंतच, त्यापुढे नाही. इतकेच नव्हे, तर रकमेविषयी वाद असल्यास ग्राहकाने निषेध नोंदवून मागितलेली रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी कमी असेल ती भरली तर पुरवठा तोडता येत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हे निलंबन आहे, भंग नव्हे. ही अट सूचनेतील क्रियापदात कोठेच उमटत नाही. ‘खंडित करण्यात येईल’ हे वाचून ग्राहक एक तर घाबरतो, नाहीतर वादळातल्या खंडासारखा हाही आपोआप भरून येईल अशा समजुतीत राहतो.

त्या मानाने ‘बंद’ हा शब्द, ज्याला भाषाशुद्धीचे कैवारी कमी प्रतीचा मानतील, अधिक प्रामाणिकपणे वागतो. फारसीत त्याचा मूळ अर्थ बांधलेले असा आहे, आणि संस्कृतातील बंध हा त्याचा सगोत्र. जे बांधले ते सोडता येते. ‘गुरुवारी सकाळी १० ते दुपारी २ वीजपुरवठा बंद राहील’ या वाक्यात बांधण्याची आणि सोडण्याची वेळ दोन्ही आहेत. मात्र वेळ काढून घेतली की हाच शब्द मुका होतो. ‘सेवा बंद करण्यात आली आहे’ एवढ्यावरून दुकानाची फळी रात्रीपुरती लागली की कायमची, हे कळत नाही. तेव्हा गुण शब्दाचा म्हणावा तर तो त्याच्या जोडीला येणाऱ्या मुदतीचाही आहे.

येथे बोलभाषेची साक्ष काढणे योग्य ठरेल. गावात आणि शहरात माणसे या तीन अवस्थांसाठी तीन वाक्ये सहज वापरतात : लाईट गेली, लाईन तोडली, मीटर काढून नेला. पहिल्यात क्रिया अकर्मक आहे, कारण कर्ता नाही. दुसऱ्यात कर्ता आहे, आणि तोडलेले जोडता येते. तिसऱ्यात वस्तूच उचलली गेली आहे. कसोटी लावून पाहता उलट शब्दही तितकेच वेगळे निघतात : लाईट आली, लाईन जोडली, नवा मीटर घेतला. कार्यालयीन भाषेलाही हे उलट शब्द अवगत आहेत, हे विशेष. बिघाडानंतर ती पुरवठा ‘पूर्ववत’ झाल्याचे सांगते, थकबाकी भरल्यावर ‘पुनर्जोडणी’ करते आणि त्यापुढच्या अवस्थेत ‘नवीन जोडणी’साठी अर्ज मागते. सुरू करताना तीन शब्द वापरणारी भाषा थांबवताना मात्र एकाच शब्दावर भागवते.

यातून मार्ग काढण्यासाठी नवे शब्द घडवण्याचे कारण नाही. ‘थकबाकी भरेपर्यंत पुरवठा तोडण्यात येईल’ या वाक्यात एकही अपरिचित शब्द नाही, आणि कलम ५६ ची अट त्यात पुरती आली आहे. अडचण ‘तोडणे’ या क्रियापदाच्या राकटपणाची आहे असे कोणी म्हणेल. परंतु खरी अडचण बहुधा वेगळी असावी : तोडण्याला तोडणारा लागतो, आणि सूचनेवर त्याची सही लागते. तिसऱ्या अवस्थेसाठी ‘जोडणी काढून टाकण्यात आली आहे, थकबाकी कायम आहे’ असे लिहिणे इष्ट, कारण ‘कायमस्वरूपी खंडित’ या शब्दांवरून संबंधच संपला, आता देणेही उरले नाही, अशी समजूत होऊ शकते. प्रत्यक्षात देणे उरतेच. महावितरणने २०२४ मध्ये अशाच ग्राहकांसाठी अभय योजना काढली, तीत मूळ थकबाकी भरल्यास व्याज व विलंब आकार माफ करण्याची सवलत होती. कायमस्वरूपी खंडित झालेल्या जोडणीच्या मागे मुद्दल आणि व्याज इतका काळ जिवंत होते, हे त्या शब्दांवरून कोणालाही कळले नसते.