वेल्ह्याहून तोरणा, ५३ शब्दांतून ९ शब्दांत

काही वर्षांपूर्वी मी तोरण्याच्या एका फेरीवर छोटं टिपण लिहिलं होतं. मग ते एका स्मरणिकेसाठी कापलं, तिथून एका पत्रकासाठी आणि शेवटी परिचयाच्या एका ओळीसाठी. कापणारा दर वेळी मीच. तरी शेवटची ओळ वाचून वाटलं, हे कुणी लिहिलंय? म्हणून आज स्वतःच्याच मसुद्यांची समीक्षा करतो.

मूळ (५३ शब्द): "तोरण्याला निघालो ते काही गडासाठी नाही. खरं सांगायचं तर आईशी भांडून निघालो होतो. वेल्ह्यात एसटीतून उतरलो तेव्हा पाऊस नव्हता, म्हणून छत्री गाडीतच राहिली. हे कळलं बिनी दरवाजाच्या खाली, सर आल्यावर. वर मेंगाईच्या देवळात एक आजोबा बसले होते. म्हणाले, 'पाऊस काय तुझ्यावर रागावलाय का?' मी हसलो. पण तिथूनच आईला फोन लावला. रेंज नव्हती, अर्थात."

पहिला संक्षेप (२८): "आईशी भांडून तोरण्याला निघालो. छत्री गाडीतच राहिली, हे बिनी दरवाजाखाली कळलं. मेंगाईच्या देवळात एक आजोबा म्हणाले, 'पाऊस काय तुझ्यावर रागावलाय का?' मी आईला फोन लावला, पण रेंज नव्हती."

दुसरा (१६): "आईशी वाद झाल्यावर पावसात तोरणा चढलो. देवळातल्या आजोबांच्या बोलण्याने धीर आला. आईशी संपर्क होऊ शकला नाही."

तिसरा (९): "कौटुंबिक वादानंतर केलेल्या तोरणा भ्रमंतीत एका वृद्धाने मनोधैर्य वाढवले."

पहिल्या संक्षेपात माहिती जवळजवळ सगळी टिकली. गेलं ते "खरं सांगायचं तर" आणि "अर्थात". दोन्ही भरतीचे शब्द वाटतात, पण पहिल्यात लिहिणारा कबुली देतोय आणि दुसऱ्यात स्वतःवरच हसतोय. "मी हसलो. पण" हेही गेलं, त्यामुळे आजोबांचं बोलणं आणि फोन यांच्यातला सांधा निखळला. आवाज इथूनच उतरायला लागला होता. माहिती शाबूत असल्यामुळे माझ्या ते लक्षात आलं नाही, इतकंच.

दुसऱ्या पायरीवर गोष्ट जास्त गंभीर झाली. "धीर आला" हे मुळात कुठे आहे? कुठेच नाही. आजोबांनी माझा राग मलाच दाखवला होता, धीर दिला नव्हता. सांधा आधीच निखळलेला असल्यामुळे मी तिथे एक तयार भावना बसवली. तिसऱ्या वेळी त्याच "धीरा"चं "मनोधैर्य" झालं. म्हणजे तिसरा मसुदा दुसऱ्याशी प्रामाणिक आहे, पण मुळाशी नाही. एकावर एक संक्षेपाचा खरा धोका हाच: प्रत्येक पायरी योग्य दिसते आणि चूक मात्र पुढे वाहत जाते. "भांडून" ते "वाद" ते "कौटुंबिक वाद" हा उतारही तसाच.

याचा उपाय सांगायला सोपा आहे: प्रत्येक संक्षेप मूळ मजकुरावरूनच करायचा. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' आठवा. १८५७ च्या धामधुमीतला हा प्रवास चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली छापला, पण संपादकीय हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी काढली. मूळ जपलेलं होतं म्हणून परत जाता आलं. आपल्या टिपणाचंही मूळ आधी वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक वाक्यातून थोडं थोडं तासायचं नाही. एखादा प्रसंग अख्खा सोडायचा आणि उरलेला त्याच्याच शब्दांत ठेवायचा. मुळावरून पुन्हा केलेला संक्षेप असा: "आईशी भांडून तोरण्याला गेलो. वरून तिला फोन लावला. रेंज नव्हती, अर्थात." हे अकरा शब्द, तिसऱ्यापेक्षा फक्त दोन जास्त. छत्री गेली, बिनी दरवाजा गेला, आजोबाही गेले. आजोबा जाताना मला वाईट वाटलं, पण अर्धेमुर्धे आजोबा ठेवण्यापेक्षा हे बरं. मर्यादाही आहे: कुणाला वेल्ह्याहून वर जायची वाट हवी असेल, तर हा संक्षेप त्याच्या काही कामाचा नाही. संक्षेप कशासाठी, हे ठरल्याशिवाय काय सोडायचं ते ठरत नाही.

तपासायचं कसं? संक्षेपातला जो शब्द मुळात नाही, त्याखाली रेघ मारा. "गेलो" किंवा "वरून" अशी रेघ आली तर हरकत नाही, तो जोड आहे. रेघ भावनेच्या शब्दाखाली आली, तर तो शब्द लेखकाचा नाही, तुमचा आहे. माझ्या तिसऱ्या मसुद्यात "तोरणा" आणि "एका" सोडून सगळ्याच शब्दांखाली रेघ आली.