दोन पोथ्या, एक माउली

पारायणाला शेजारी बसलेल्या एका माळकऱ्याच्या हाती राजवाडे प्रत होती आणि माझ्यापुढे नेहमीची साखरे प्रत. वाचता वाचता आमचे ओव्यांचे आकडे जुळेनात. उठताना त्याने हळूच विचारले, "महाराज, मग खरी ज्ञानेश्वरी कोणती? नाथांनी माउलींची ओवी बदलली का हो?" या प्रश्नाने भाविकाचे मन दुखावते, म्हणून त्याचा नीट विचार करू.

माउलींनी ग्रंथ सांगितला शके १२१२ मध्ये. नाथमहाराजांनी त्याचे शोधन केले शके १५०६ मध्ये. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत पोथीवरून पोथी उतरली गेली. शोधनाच्या अखेरीस नाथ स्वतःच कारण सांगतात: ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठभेदांनी त्यात गोंधळ झाला. पुढे, जो यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवली असे समजावे, असा इशाराही ते देतात. इतिहासाचार्य राजवाड्यांना बीडच्या पाटांगण येथे एक पोथी मिळाली. ती नाथांच्या आधीची आहे असे त्यांचे मत होते. १९०९ साली त्यांनी ती छापली. तिची भाषा अधिक जुन्या वळणाची आहे आणि ओव्या प्रचलित प्रतीपेक्षा शंभराहून अधिक कमी आहेत.

या दोन प्रतींतले फरक एका जातीचे नाहीत. पहिली जात रूपांची. राजवाडे प्रतीत 'करौनि' अशा वळणाची रूपे भेटतात, प्रचलित प्रतीत 'करूनि' किंवा 'करोनि' येते. अर्थ तोच राहतो, ऐकणाऱ्याला शब्द सोपा होतो. ओवीत अक्षरांची संख्या बांधलेली नसते, त्यामुळे चरणाच्या पोटातला शब्द असा सहज बदलतो. पहिल्या तीन चरणांचे यमक मात्र जागचे हलत नाही. म्हणून यमकाच्या शब्दावरच दोन प्रती वेगळ्या दिसल्या, तर तेथे थांबून पाहावे.

दुसरी जात हाताच्या चुकीची. पसायदानातला एक शब्द आपण रोज म्हणतो. कुठे तो 'आरव' छापतात, कुठे 'अरव'. संस्कृतात आरव म्हणजे आवाज. कल्पतरूंजवळ तो अर्थ बसत नाही. पण ग्रामाचे गाव झाले, नामाचे नाव झाले, त्याच वाटेने आरामाचे, म्हणजे बागेचे, आरव झाले. चालत्या कल्पतरूंच्या बागा, हा अर्थ लगेच उघडतो आणि पुढच्या 'गांव' शब्दाशी यमकही जुळते. 'अरव' म्हणजे फक्त एक काना गळाला. त्यात कोणाचा हेतू शोधू नये.

तिसरी जात कमी-अधिक ओव्यांची. हेतूचा खरा प्रश्न येथे आहे. माउली एका सिद्धांतावर दृष्टांतामागून दृष्टांत देतात. त्या माळेतला एक मणी काढला तरी अर्थ तुटत नाही, त्यामुळे तेथे कोणी नवा मणी ओवू शकतो. पण लागोपाठच्या ओव्या 'कां' किंवा 'जैसा' अशा एकाच शब्दाने सुरू झाल्या की, लिहिणाऱ्याची नजर एकीवरून दुसरीवर घसरते आणि मधली ओवी गळते. म्हणून राजवाडे प्रतीत ओवी नाही एवढ्यावरून ती मागून घातली असे ठरत नाही. ती काढल्यावर पुढचे उत्तर अधांतरी राहत असेल, तर ती गळालेली समजावी. विचार अखंड राहत असेल आणि भाषाही नवी वाटत असेल, तरच शंका घ्यावी.

आणखी एक मर्यादा आहे. आपण वाचतो तो नाथांचा पाठही पुढच्या लेखकांच्या हातांतून आलेला आहे, आणि राजवाड्यांची मूळ पोथी आज पाहायला मिळत नाही. तेव्हा या दोन छापील ग्रंथांची तुलना म्हणजे माउली आणि नाथ यांची तुलना नव्हे. प्रचलित प्रतीतला प्रत्येक फरक नाथांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. जुने रूप दिसले म्हणून सबंध ओवी मूळची, हेही खरे नाही. जुनी रूपे सांभाळणाऱ्या पोथीतही काना गळतो, ओवी सुटते.

नाथांनी आपल्या भागवतात स्वतःचे मन मोकळेपणे मांडले. येथे त्यांनी लेखणी आवरली आणि पुढच्यांनाही आवरायला सांगितले. शोधनामागचा त्यांचा हेतू यातून दिसतो: मळ पुसावा, मूर्तीला हात लावू नये.

त्या माळकऱ्याला मी एवढेच सांगितले: पारायण आपल्या प्रतीवर चालू ठेवा, आणि ओवी अडली की दुसरी प्रत उघडा. दुसऱ्या दिवशी तो आला तो दोन्ही पोथ्या काखेत घेऊन.